"ठरल्याप्रमाणे" हे लिस्टिंगमध्ये लिहू नका, मी ५०० पिशव्यांना फसलोय

घाऊक गिऱ्हाईक. ५०० कापडी पिशव्या, कस्टम. माझं कोटेशन व्यवस्थित होतं, हे आधी सांगतो. २२० जीएसएम न धुतलेलं सुती कापड, ३८ × ४२ सेंमी, फरक एक सेंमीपर्यंत चालेल, एका रंगात १५ × १५ सेंमी छपाई, आत खिसा नाही, तळाला पट्टी नाही. पण हे सगळं गेलं विक्रीच्या प्लॅटफॉर्मबाहेरच्या चॅटवर, कारण साहेबांना "तिथे पटकन उत्तर देता येतं".

मग लिस्टिंग बनवायची वेळ आली. ते म्हणाले, आकडे टाकू नका, आमचे स्पर्धक बघतात. "जाड प्रीमियम कापड, बाकी ठरल्याप्रमाणे" एवढंच लिहा. अहो, ती लिस्टिंग फक्त त्यांनाच दिसणार होती! खाजगी लिस्टिंग कुठला स्पर्धक बघणार? तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. वर म्हणे, फोटो तुमचा जुनाच राहू द्या. त्या फोटोतल्या पिशवीला आतून खिसा होता आणि तळाला रुंद पट्टी. आगाऊ पूर्ण पैसे देणाऱ्या माणसावर कोण संशय घेतं? तुम्ही घेतला असता?

माल पोचला आणि तक्रार दाखल: "वर्णनाप्रमाणे नाही." पुरावा काय, तर माझाच फोटो. खिसा कुठाय, पट्टी कुठाय?

निकाल लागला ६० टक्के परताव्याचा, आणि माल गिऱ्हाइकाकडेच. माझा कापड, शिलाई, छपाईचाच खर्च विक्रीच्या ७० टक्के होता. हातात राहिले ४०. म्हणजे नफा सोडाच, विक्रीच्या ३० टक्के पदरचे गेले.

मदत केंद्राला कोटेशनचे स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर: बाहेरचं संभाषण ग्राह्य नाही. बरं, मग "ठरल्याप्रमाणे" म्हणजे कुठे ठरलं, हे लिस्टिंग वाचताना कोणालाच विचारावंसं वाटलं नाही? तोच छापील मजकूर, दरवेळी वेगळ्या नावाने सही. अपील केलं तर "निर्णय अंतिम आहे", तेही मी जोडलेल्या फाइली उघडल्याची एक खूण नसताना. पोलिसांकडे गेलो तर म्हणे हा व्यवहारातला वाद, दिवाणीत जा. दिवाणीत वकिलाची फी नुकसानाला भारी पडते, हे त्या गिऱ्हाइकाला माझ्याआधी ठाऊक असणार.

कोटेशन प्लॅटफॉर्मच्या चॅटमध्येच पाठवा. त्याला क्रमांक द्या आणि खाली लिहा, "लिस्टिंगमध्ये हाच मजकूर शब्दशः येईल." गिऱ्हाइकाचं "मान्य" तिथेच आल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. आणि जे देणार नाही तेही लिहा, लिस्टिंगमध्येसुद्धा. माझ्या कोटेशनमध्ये "खिसा नाही" होतं, लिस्टिंगमध्ये नव्हतं, सगळा खेळ तेवढ्यावर झाला. जुना फोटो तर काढूनच टाका, नमुना शिवून त्याचा लावा. वजनावरून भांडण होणार असेल तर १० × १० सेंमीचा तुकडा कापून तोला, २२० जीएसएमला २.२ ग्रॅम भरायला हवा. काट्यासकट फोटो माल पाठवण्याआधी त्याच चॅटमध्ये टाका.

घाऊकवाला आकडे लपवायला सांगतोय? ऑर्डर सोडा.