दर शुक्रवारी की नुसतीच ‘वारी’? चॅनलच्या बॅनरचे तीन नमुने, तीन पडद्यांवर

गिरगावातल्या आमच्या वहिनी मासळीच्या रेसिपींचं यूट्यूब चॅनल चालवतात. गेल्या महिन्यात त्यांनी एका मुलाकडून बॅनरचे तीन नमुने करून घेतले आणि मला म्हणाल्या, “भाऊजी, यातला कुठला लावू ते सांगा. मला तिसरा आवडलाय.” मी छपाईतला माणूस, आयुष्य फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करण्यात गेलं. तिसरा नमुना मलाही आवडला होता. तरी तो लावू नका, असं सांगावं लागलं. त्याची कारणं इथे सविस्तर लिहितो, म्हणजे तुमच्यासमोर असेच दोन-तीन नमुने असतील तर निवडायला सोपं जाईल.

आधी मापं. यूट्यूब बॅनरसाठी एकच चित्र घेतं, १६:९ प्रमाणातलं. साधारणपणे ते २५६० बाय १४४० पिक्सेलचं करतात, आणि २०४८ बाय ११५२ पेक्षा लहान चालत नाही. हेच एक चित्र प्रत्येक पडद्यावर वेगळं कापलं जातं. टीव्हीला ते अख्खं मिळतं. संगणकाला मधली आडवी पट्टी मिळते, २५६० बाय ४२३. फोनला त्या पट्टीचाही फक्त मधला भाग मिळतो, १५४६ बाय ४२३. सगळीकडे हमखास दिसणारी जागा तेवढीच, तिलाच सेफ एरिया म्हणतात. गंमत म्हणजे ती लक्षात ठेवायला एकच आकडा पुरतो. चारही बाजूंनी सुमारे ५०८ पिक्सेल सोडले की उरतं ते सुरक्षित.

छापखान्यात आम्ही कापाकापीसाठी चारही कडांना ३ मिलिमीटर ब्लीड सोडतो. इथे हिशोब उलटा आहे. सुरक्षित चौकट अख्ख्या चित्राच्या जेमतेम १८ टक्के भरते, बाकीचा ८२ टक्के कागद म्हणजे ब्लीडच. ज्याचा हात फ्लेक्सवर बसलाय तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मजकूर भरतो, कारण फ्लेक्स कुणी कापत नाही. नमुने करणाऱ्या त्या मुलाचंही तेच झालं होतं.

आता तिसऱ्या नमुन्याकडे, म्हणजे वहिनींच्या लाडक्याकडे. मधोमध तळलेल्या पापलेटचं ताट, वर ठळक अक्षरांत चॅनलचं नाव, उजवीकडे हसतमुख वहिनी. हॉलमधल्या ४३ इंची टीव्हीवर लावून बघितला, तर सिनेमाच्या पोस्टरसारखा झकास दिसला. पण नाव वरून २४० ते ४०० पिक्सेलच्या दरम्यान होतं आणि संगणकाची पट्टी ५०८ ला सुरू होते. म्हणजे संगणकावर आणि फोनवर नाव पूर्ण गायब. वहिनींचं डोकं ४२० ला सुरू होत होतं, त्यामुळे केस आणि कपाळ उडालं. फोनवर उजवी कड २०५३ ला संपते, तिथे त्यांचा खांदाही गेला. उरलं काय, तर पापलेटचं पोट आणि अर्धा चेहरा. वहिनी बघून म्हणाल्या, “मी काय खिडकीतून डोकावतेय का?” याला डागडुजी नाही. उभ्या रचनेचं चित्र सहास एक प्रमाणाच्या पट्टीत बसवायचं तर रचनाच मोडावी लागते.

दुसरा नमुना भाऊच्या धक्क्यावरचा. होड्यांची लांबलचक रांग, शिडकाठ्यांवर झेंडे, मागे सकाळचं धुरकट आकाश. संगणकावर हा सगळ्यांत देखणा, कारण फोटोच मुळात आडवा आहे. डावीकडे पाण्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘दर शुक्रवारी’ लिहिलेलं, डावीकडून १५० ते ७२८ पिक्सेलपर्यंत. आता फोनची डावी कड ५०८ ला आहे हे आठवा. ‘दर शुक्र’ कापलं गेलं आणि फोनवर मासळीच्या चॅनलच्या माथ्यावर झळकलं ‘वारी’. आषाढ तोंडावर असताना!

हसू आवरल्यावर लक्षात येते ती खरी अडचण. संगणकाचा म्हणून एकच ठरलेला काप नसतो. ब्राउझरची खिडकी लहान केली की पट्टीच्या दोन्ही बाजू आत सरकत जातात. टॅबलेटचा काप साधारण १८५५ पिक्सेल रुंद, म्हणजे डावी कड ३५२ ला. तिथे ‘दर’ गेलं आणि ‘शु’ चिरला गेला. फोनच्या चौकटीबाहेरचे डावे-उजवे ५०८ पिक्सेल हे असे बेभरवशाचे. कधी दिसतील, कधी अर्धे दिसतील. तिथे होडी कापली गेली तर कुणाचं काही अडत नाही, अक्षर कापलं गेलं तर मात्र वेगळाच शब्द तयार होतो. म्हणून त्या पट्ट्यांत लिहिलेलं काहीही ठेवू नका, ‘कमी महत्त्वाचं आहे’ म्हणूनसुद्धा नाही.

पहिला नमुना सगळ्यांत साधा. गडद हिरवट-निळी पार्श्वभूमी, मधल्या चौकटीत नाव, खाली एक ओळ, बाजूला सुरमईचं रेखाचित्र. फोनवर चोख, संगणकावर बरा. टीव्हीवर मात्र रया गेली. सुरक्षित चौकट टीव्हीच्या रुंदीच्या ६० टक्के आणि उंचीच्या २९ टक्के असते, त्यामुळे मोठ्या रिकाम्या भिंतीवर मध्येच पाटी ठोकल्यासारखं दिसत होतं. दोष मजकुराच्या जागेचा नाही, भोवतालच्या ८२ टक्क्यांचा काही विचारच झाला नव्हता याचा आहे.

तेव्हा नियमात बसतो पहिला, दिसायला उजवा दुसरा, आणि तिसरा फक्त टीव्हीचा. प्रेक्षक कुठे आहेत ते यूट्यूब स्टुडिओच्या Analytics मध्ये Device type या नोंदीत कळतं. वहिनींकडे फोनवाले खूप पुढे होते. माझं मत असं की टीव्हीवाले जास्त असले तरी तिसरा घेऊ नये. पहिल्या नमुन्याला टीव्हीवर फार तर कुणी ओकाबोका म्हणेल. तिसरा फोनवर चक्क चुकीचा दिसतो.

शेवटी आम्ही दुसऱ्याचा फोटो आणि पहिल्याची मांडणी एकत्र केली. फोटो असा सरकवला की होड्यांची पुढची टोकं मधल्या पट्टीत येतील आणि झेंडे, आकाश वर टीव्हीसाठी राहतील. फोनवर झेंडे दिसत नाहीत, पण ते तिथे होते हे कुणाला कळतही नाही. मजकुरामागे फोटो थोडा काळवंडून घेतला. कड सरळ रेषेत न ठेवता हळूहळू विरत नेली, नाहीतर टीव्हीवर मधोमध काळा ठोकळा दिसला असता.

मग प्रश्न आला अक्षरांच्या आकाराचा, आणि इथे देवनागरीचा स्वतःचा एक हिशोब आहे. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार लागतो, त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या दोन ओळी जिथे आरामात बसतात तिथे आपल्या दोन ओळी एकमेकींत अडकतात. ४२३ उंचीतून वर-खाली ४०-४० सोडले की ३४३ उरतात. त्यात १५० आकाराची एक ओळ आणि ८० आकाराची दुसरी, एवढंच. तिसरी ओळ नाही. साधारण फोनवर बॅनर साडेसहा सेंटीमीटर रुंद दिसतो. त्यावर ८० आकाराच्या मजकुरात शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षर जेमतेम २ मिलिमीटर भरतं. ६० वर आणलं की दीड मिलिमीटर, आणि ‘क्र’ मधली तिरकी रेघ ‘क’ मध्येच मिसळते. मुलाने अगदी बारीक वजनाचा टाइप वापरला होता. आम्ही मुक्ताचं जाड वजन घेतलं. तो टाइप मुंबईच्याच एक टाइप मंडळींचा, फुकट मिळतो आणि सात वजनांत आहे.

नावावरून थोडा वाद झाला. चॅनलचं नाव यूट्यूब बॅनरखाली स्वतःच लिहितं, मग त्याच नावावर १५० आकाराची ओळ का खर्च करायची? माझं म्हणणं, तिथे ‘मासळी, कालवण, तळण’ असं काहीतरी लिहा, म्हणजे नवख्याला चॅनल कशाचं ते कळेल. वहिनी म्हणाल्या, “दुकानाला पाटी नको का?” पाटी राहिली. ‘दर शुक्रवारी’ आलं दुसऱ्या ओळीत, मधोमध.

तपासणी अपलोड करण्याआधीच करता येते. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर या दोन ओळी पुरतात:

```
magick banner.png -gravity center -crop 1546x423+0+0 +repage phone.png
magick banner.png -gravity center -crop 2560x423+0+0 +repage desktop.png
```

नसेल तर कुठल्याही फोटो कापणाऱ्या ॲपमध्ये मधोमध तेवढा तुकडा कापा. फोनचा तुकडा फोनवरच बघा, संगणकावर मोठा करून बघण्यात अर्थ नाही. पडदा उभा धरा, हात लांब करा, उजेड कमी ठेवा. वहिनींनी तो चर्नी रोडच्या फलाटावर भर दुपारी बघितला आणि पांढऱ्या अक्षरांना बारीक गडद किनार हवी असं सांगितलं. ते बरोबर होतं.

अपलोड करताना स्टुडिओमध्ये Customization मध्ये जाऊन बॅनर निवडला की चित्रावर Viewable on TV, Viewable on desktop आणि Viewable on all devices अशा चौकटी दिसतात. बाहेरची चौकट चित्राच्या चारही कोपऱ्यांना भिडली आहे ना, ते आधी पाहा. ती थोडी आत सरकली असेल तर काप त्या लहान चौकटीतून होतो आणि मोजून ठेवलेले ५०८ वाया जातात. बॅनरचे कोपरे आता गोलाई देऊन दाखवले जातात, म्हणून सुरक्षित जागेतही अगदी कोपऱ्याला चिकटून काही ठेवू नये. फाइल ६ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. फोटो असलेली पीएनजी सहज त्यापुढे जाते, जेपीईजी करा. मुलाने आमची पहिली फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली होती. ती आकसून किमान मापाच्या खाली गेली आणि स्टुडिओने घेतलीच नाही. मग डॉक्युमेंट म्हणून मागवली.

बॅनर चढल्यावर आम्ही दादाच्या टीव्हीवर, वहिनींच्या फोनवर आणि माझ्या लॅपटॉपवर एकाच वेळी चॅनल उघडलं. लॅपटॉपची खिडकी हळूहळू लहान करत नेली. होड्या एकेक करून दोन्ही बाजूंनी निघून गेल्या, अक्षरं जागची हलली नाहीत. टीव्हीवर वरच्या झेंड्यांपैकी एक भगवा झेंडा बरोबर नावाच्या डोक्यावर आला होता. तो मी ठरवून ठेवलेला नव्हता, पण वहिनींना तसं सांगितलं नाही.