लोकरवाली घ्यावी की कातरलेली? फोटो पाहून मेंढी निवडताना

पुसदकडच्या एका भावानं व्हॉट्सॲपवर दोन मेंढ्यांचे फोटो टाकले. दोन्ही दख्खनी, दोन्ही काळ्या, भाव सारखाच, आणि विचारून राहिला की कोणती घेऊ. एक लोकरीनं भरलेली, पाहिल्याबरोबर वाटते काय गुटगुटीत आहे, आणि दुसरी नुकतीच कातरलेली, बरगड्यांची रेघ जराशी दिसून राहिली. त्याचं मन पहिलीवर होतं. मी म्हटलं थांब जरा.

फोटोत सगळ्यात भरोशाचा असतो बांधा, तब्येत अर्धीमुर्धी कळते आणि लोकर सगळ्यात कमी. लोकांचं नेमकं उलटं चालते, लोकर पाहूनच भाळतात.

बांधा दोन्ही फोटोत पाहू. लोकरवालीचा फोटो समोरून, अगदी जवळून घेतलेला, म्हणून डोकं नि छाती मोठी दिसते आणि मागचा भाग लहान. मोबाईल जमिनीजवळ धरला तर उंचीही फसवते. कातरलेलीचा फोटो मात्र बाजूनं, तीन-चार मीटरवरून, तिच्या पोटाच्या उंचीला मोबाईल धरून काढलेला, त्यात पाठ सरळ दिसते, छाती खोल दिसते, चारही पाय सपाट जागेवर. म्हणून मालकाला सांग की लोकरवालीचाही तसाच फोटो काढ, आणि दोघींचाही एक मागून पाहिजे. मागून पाहताना मागचे पाय एकमेकांना समांतर पाहिजेत, गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील तं चरायला दूर जाताना त्रास होतो. दातांचाही फोटो माग, चार पक्के दात आलेली चारदाती आणि सगळे पक्के दात आलेली जुळलेली यात वयाचा मोठा फरक आहे आणि तो बांध्यावरून कळत नाही.

आता तब्येत. कातरलेलीच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतात म्हणून ती मरतुकडी होत नाही, ताजी कातरली की कोणतीही थोडी हडकुळी वाटतेच. खरं पाहायचं ते कंबरेवर, शेवटच्या बरगडीच्या मागं. तिथं कण्याच्या दोन्ही बाजूला खड्डा नाही, पुठ्ठा गोल आहे, म्हणजे ठीक. अंगाच्या भराचं १ ते ५ असं माप असते, १ म्हणजे अगदी हडकुळी नि ५ म्हणजे फार जाडी, त्यात मी तिला अडीचच्या आसपास धरीन, आणि नराला लावायच्या वेळी ३ पाहिजे, म्हणजे चारा नि थोडं ढेप-भरडा मिळाला तर होऊन जाते.

लोकरवालीचं काय ते सांगताच येत नाही, कारण जाड लोकरीखाली मेंढी एक नंबर जास्त जाडी वाटते. पण जिथं लोकर नाही तिथं पाहा, तोंड नि पाय. तिच्या डोळ्यांच्या वर खळगी पडलेली दिसते, मागचे पाय बारीक आहेत आणि पोट मात्र लोंबते. आता हे पोट गाभणपणाचं, संध्याकाळी चरून आल्याचं की जंतांचं, फोटो सांगणार नाही. जबड्याखाली सूज दिसली तर मात्र सोड, ते रक्त पिणाऱ्या जंतांचं किंवा यकृतातल्या कृमींचं लक्षण असू शकते, आणि एक आजारी मेंढी वाड्यात आणली की पुढचा खर्च तुझाच. रक्त कमी आहे का ते पाहायला डोळ्याच्या आतल्या पापणीचा रंग पाहतात, पण तो फोटोवरून ठरवू नको, मोबाईल रंग बदलून टाकते.

प्रत्यक्ष गेलास की हात लाव, कंबरेवर कण्याची टोकं नि बाजूची हाडं चाप. बोटं हाडाखाली सहज सरकली तं ती १ किंवा २ वर आहे, दाबून सरकली तं ३.

लोकरीचं म्हणशील तं दख्खनीची लोकर जाडीभरडीच, घोंगडीच्या कामाची, त्यामुळं दोघींत तिच्यावरून फार पैसे जास्त द्यायचे नाहीत. मालकाला विचार शेवटी कधी कातरली, कारण सहा महिने वाढलेली लोकर लांब दिसते यात मेंढीची काही कमाई नाही. पाहायचंच असेल तर खांद्यावर नि मागच्या मांडीवर लोकर बोटांनी फाकवून दोन फोटो घ्यायला सांग, बाजूला फूटपट्टी ठेवून. वरची टोकं तांबूस नि मुळाशी काळी असली तर ते ऊन आहे, चालते. मांडीवर खांद्यापेक्षा फारच जाड केस असले तं घोंगडी बोचरी होते. गोखरू किती गुंतलंय तेही दिसते. पण लोकर कमजोर आहे का हे फोटोत दिसतच नाही, एक बट दोन्ही टोकांना धरून झटका द्यावा लागते. मधेच तुटली तं मागं कधी ताप किंवा उपास झालेला.

कातरलेलीचे दात नि मागचा फोटो बरा निघाला तं तिला घ्यायला हरकत नाही, सकाळी चरायला सुटायच्या आधी जाऊन हात लावून घे. लोकरवालीसाठी मालक कातरून दाखवायला तयार असला तं पाहा, नाही म्हणाला तं भाव पाडून माग.