मातीच्या ब्लॉकचं घर, दोन पावसाळ्यांनंतर: भिंत टिकली, रस्त्यानं घात केला

पहिल्या पावसाळ्यानंतर लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. आता साडेतीन देतोय. कापलेले दीड कुणाच्या खात्यावर टाकायचे ते पुढं वाचून तुम्हीच ठरवा.

घर पन्हाळा तालुक्यात, कासारीच्या बाजूला, गावठाणातल्या एका गुंठ्यात. ३० बाय २०, वर मंगलोरी कौलं, भिंती सिमेंट घातलेल्या दाबीव मातीच्या ब्लॉकच्या. ब्लॉक नऊ इंच लांब, साडेसात रुंद, चार उंच. हातमशीन भाड्यानं आणलं होतं. लिंटेलला सगळीकडून काँक्रीटचा पट्टा फिरवलाय. कोयनेचा १९६७ चा भूकंप आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, त्यामुळं त्याबाबतीत कंजुषी करायची सोयच नव्हती.

आधी मातीचं सांगतो, कारण निम्मं काम तिथंच ठरतं. आमच्या शेतात नदीकाठची काळी माती आहे, फुकटची. घरचे म्हणाले, तीच वापर. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते, आणि थोड्याशा सिमेंटनं ती आवरत नाही. म्हणून डोंगराकडची तांबडी माती आणली, तीही वरचा दीड फुटाचा थर काढून टाकून, कारण त्यात मुळं आणि कुजका पाला असतो. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवली. वाळू मिनिटभरात खाली बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवशी. वाळू निम्म्याच्या आसपास निघाली, चिकणमाती मात्र जरा जास्तच होती.

मग ६० सेंटिमीटर लांब आणि ४ बाय ४ सेंटिमीटरची लाकडी पेटी करून घेतली. तिच्यात ओली माती ठासून सावलीत वाळवली की ती आकसते, आणि टोकाला पडलेली फट मोजायची. आमची ३५ मिलिमीटर आली. ही फट १५ ते ३० मिलिमीटर असेल तर सोळा पाट्या मातीला एक पाटी सिमेंट चालतं, ३० ते ४५ असेल तर चौदा पाट्यांनाच एक लागतं. क्रशरची डस्ट मिसळून फट विसाच्या खाली आणली. डस्ट सिमेंटपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून हा उद्योग. सोळास एक या हिशेबानं एका पोत्यात ऐंशी-नव्वद ब्लॉक निघाले.

मशीनवाल्यानं दिवसाला पाचशे सांगितले होते. सहा माणसं लावून तीनशेच्या वर गाडी कधी गेली नाही. तो म्हणाला, "तुमची माणसं ढिली आहेत." माणसं ढिली नव्हती. सिमेंट कालवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते मिश्रण मशीनमधून निघालंच पाहिजे, म्हणून घमेल्या-घमेल्यानं कालवावं लागतं, आणि त्यात वेळ जातो. जेवणाच्या सुट्टीआधी कालवून ठेवलेल्या मिश्रणाचे ब्लॉक दिसायला तसेच होतात, पण ते कच्चे. ओळखायचे कसे? महिनाभर पाणी मारून, वाळवून झाल्यावर रात्रभर बादलीत बुडवायचे आणि सकाळी ओल्यावरच खिळ्यानं ओरखडायचं. चांगल्यावर रेघ उठते, कच्च्याची कड हातात येते. कोरडा ब्लॉक वाजवून काही कळत नाही, कारण ओला झाल्यावर त्याची ताकद सुमारे निम्म्यावर येते, आणि पाऊस तर ओल्याच भिंतीवर पडणार.

आता पैशाचं. सिमेंट चार रुपये, मजुरी दहा, माती-डस्ट-वाहतूक अडीच, मशीनचं भाडं रुपयाच्या आसपास. म्हणजे एक ब्लॉक अठराला पडला. एका ब्लॉकची जागा आमच्याकडच्या अडीच भाजक्या विटा घेतात, त्यांचे साधारण एकवीस. ब्लॉकमागं तीन रुपये वाचले. घराला चार हजार ब्लॉक लागले, म्हणजे वाचले बारा हजार. बास. "मातीचं घर निम्म्यात होतं" असं कुणी सांगत असेल तर त्याला विचारा, पाया, कौलं, चौकटी, फरशी, संडास-बाथरूम आणि लाईटफिटिंग पण मातीचंच केलं का? भिंत हा सगळ्या घराच्या खर्चातला छोटा तुकडा असतो.

खरी बचत बाहेरून प्लास्टर न करण्यात आहे. ब्लॉक सरळ निघतात, ब्लॉकांमधले सांधे नीट भरले की भिंत तशीच छान दिसते, आणि आठशे चौरस फुटांच्या प्लास्टरचे तीसेक हजार वाचतात. मात्र त्यासाठी पाहुण्यांचं "घर अजून अर्धवटच दिसतंय" हे ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. आमच्या आईची ती तयारी अजून झालेली नाही.

राहायला घर एक नंबर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी माजघरात पंखा दोनवर पुरतो. त्यातलं काही श्रेय कौलांना द्या. याच भिंतींवर पत्रा टाकला असता तर भट्टीच होती. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला काही झालं नाही. मी लोकांना बोलावून दाखवत होतो.

मग उन्हाळ्यात गावातला रस्ता झाला.

रस्ता आमच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून जातो. जोतं काळ्या दगडाचं, सिमेंटमध्ये बांधलेलं, रस्त्यापासून दीड फूट वर. त्यावर ओल अडवणारी काँक्रीटची पट्टी, आणि मग ब्लॉक. ठेकेदारानं जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच खडी आणि काँक्रीट ओतलं. रस्ता आठ इंच वर आला, म्हणजे माझं जोतं दहा इंचांचं झालं. मी बोललो तर उत्तर मिळालं, "सगळ्यांचंच तसं झालंय." ते खरंच आहे, पण सगळ्यांच्या भिंती सिमेंट प्लास्टरच्या आहेत.

दुसऱ्या पावसाळ्यात आषाढाची झड लागली तेव्हा कळलं काय झालंय ते. पागोळ्यांचं पाणी आधी मातीवर, गवतावर पडायचं आणि तिथंच जिरायचं. आता ते कडक काँक्रीटवर आपटून वर उडतं आणि थेट ब्लॉकच्या खालच्या तीन थरांवर बसतं. त्याच थरांवर गाड्यांची चाकंही पाणी मारतात. वरची भिंत, जिच्यावर वाऱ्यानं समोरून पाऊस येतो, ती शाबूत आहे. खालच्या तीन थरांचे कोपरे गोल झाले, पापुद्रे सुटले, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढा खड्डा. थेंब नुसता भिंतीवरून ओघळला तर एवढं करत नाही. एकाच जागी पुन्हापुन्हा आपटला आणि भिंतीला मधे वाळायला उसंत मिळाली नाही की तो माती खातो.

मी आधी ब्लॉकलाच दोष दिला होता. मशीनवाल्याशी फोनवर भांडलोही. त्याचं म्हणणं, "ब्लॉक बरोबर आहे, जोतं बघा." माणूस आगाऊ आहे, पण पूर्वेच्या भिंतीवर त्याच मातीचे, त्याच पोत्यांचे ब्लॉक आहेत, तिथं खाली परड्याची माती आहे, आणि तिथला खालचा थर आजही खिळ्याला दाद देत नाही. तेव्हा ब्लॉकचा अर्धा गुण परत दिला.

गवंडीमामांनी पश्चिमेला खाली तीन फूट सिमेंट प्लास्टर मारू म्हटलं. सगळीकडं नको, तीन फूट लांबीचा तुकडा मारून बघू म्हटलं, आणि शेजारच्या तुकड्यावर चुन्याचा गिलावा केला. महिनाभराच्या पावसानंतर सिमेंटच्या तुकड्यावर टिचकी मारली तर भद्द आवाज. वरच्या कडेला केसाएवढी फट, तिच्यातून पाणी आत गेलेलं, बाहेर यायला वाट नाही. फोडून बघितलं तर मागचा ब्लॉक उघड्या ब्लॉकपेक्षा जास्त मऊ. मातीची भिंत ओल्याला थोडी फुगते, वाळल्यावर आकसते; सिमेंटचं कडक प्लास्टर तिच्याबरोबर हलत नाही आणि सुटतं. चुन्याचा तुकडा चिकटून राहिला, पण शिंतोड्यांनी तोही झिजला. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारायचा म्हणजे नवी वर्गणी लागली.

कायमचा उपाय छप्पर पुढं काढणं. आमच्या वळचणी फूटभर आहेत. अडीच फूट केल्या असत्या तर पागोळी भिंतीपासून लांब पडली असती. पण पश्चिमेला भिंत आणि रस्ता यांच्यात जागाच नाही. कौलं पुढं काढली तर उसाची ट्रॉली ती घेऊनच जाईल. समजा जागा असती, तरी हिशेब करा: ३० बाय २० च्या घराला चहूबाजूंनी फूटभर वळचण म्हणजे ७०४ चौरस फूट छप्पर, अडीच फूट म्हणजे ८७५. ब्लॉकमध्ये वाचलेले बारा हजार या वाढीव छपरातच जातात, वर आणखी घालावे लागतात.

शेवटी माघात पश्चिमेचे खालचे तीन थर काढले. सलग नाही काढायचे, भिंत बसेल. तीन फुटांचा तुकडा काढायचा, मधे तीन फूट सोडायचे, काढलेल्या जागी मापाला तासलेला जांभा चिरा सिमेंटमध्ये बसवायचा, वरची फट घट्ट ठासायची, आणि आठवड्यानं मधले तुकडे घ्यायचे. चिरा पाणी पितो, पण झिजत नाही. रस्त्याच्या कडेला आमच्या हद्दीत जी वीतभर पट्टी उरली होती तिच्यात खडी भरली. पाणी खडीत पडलं की उडत नाही. एवढी साधी गोष्ट बाकीच्या तिन्ही बाजूंनाही करून टाकली. मजुरी, चिरा, खडी धरून चौदा हजार झाले. ब्लॉकचे बारा गेलेच, वर प्लास्टरच्या बचतीतले दोन गेले.

थोडं इतर: खिडकीच्या दोन कोपऱ्यांत तिरप्या बारीक भेगा आल्यात, वाढत नाहीत. वाळवी ब्लॉकमध्ये शिरली नाही, पण ब्लॉकांमधल्या मातीच्या सांध्यांतून वाट काढत मागच्या चौकटीपर्यंत पोचली होती. शिरोळकडचे किंवा पंचगंगेच्या पूररेषेतले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी या वाटेला जाऊ नये. २०१९ आणि २०२१ ला तिकडं घरांत जसं दिवसेंदिवस पाणी उभं राहिलं, त्यात अर्ध्या ताकदीवर आलेल्या भिंतीनं छप्पर तोलून धरावं ही अपेक्षाच चुकीची.

मोकळ्या माळावर, चारी बाजूंनी पाच-सहा फूट स्वतःची जागा असेल तर मी पुन्हा हेच बांधेन. गावठाणात रस्त्याला चिकटून असाल तर त्या बाजूची भिंत खाली तीन फूट दगडाची किंवा चिऱ्याची घ्या आणि ब्लॉक त्याच्यावर. जोतं ठरवताना आजच्या रस्त्यावरून माप घेऊ नका. पुढच्या दोन ठेकेदारांचं काँक्रीट धरून घ्या. आमच्या गल्लीत पुढच्या वर्षी गटारीचं काम मंजूर झालंय म्हणे.