कंपनीचा फोन की बाजारातून घेतलेला? रिव्ह्यू चॅनेलसाठी तुलना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून मोबाइल रिव्ह्यूचं चॅनेल चालवणाऱ्यासमोर फोन मिळवण्याचे तीन मार्ग असतात: कंपनीने कायमचा दिलेला फोन, काही आठवड्यांनी परत न्यायच्या अटीवर दिलेला फोन आणि स्वतः पैसे देऊन दुकानातून घेतलेला फोन.

कंपनीकडून फोन आला की खर्च वाचतो आणि विक्री सुरू व्हायच्या आधीच व्हिडिओ टाकता येतो. पण तो बहुधा सर्वात जास्त रॅम आणि स्टोरेज असलेला प्रकार असतो. चाळीसगावचा ग्राहक घेतो त्याच मॉडेलचा स्वस्त प्रकार, आणि काही मॉडेलमध्ये त्यात स्टोरेजची चिपही हळू असते. म्हणजे तुम्ही दाखवलेला वेग त्याच्या हातात येतच नाही. शिवाय लाँचआधीचं सॉफ्टवेअर कच्चं असू शकतं. नंतरच्या अपडेटने कॅमेरा सुधारतो किंवा फोन जास्त तापू लागतो. म्हणून व्हिडिओत रॅम, स्टोरेज आणि सॉफ्टवेअरचा बिल्ड नंबर स्क्रीनवर दाखवा.

परत जाणाऱ्या फोनची खरी अडचण वेळेची आहे. 2-3 आठवड्यांत स्क्रीन, कॅमेरा आणि चार्जिंगचा वेग कळतो. एप्रिल-मेमधला फोन कळत नाही. खान्देशात त्या दिवसांत पारा 42-45 अंशांवर जातो, तर अनेक कंपन्या वापरासाठी 35 अंशांपर्यंतचंच तापमान सुचवतात. फोन तापला की तो स्वतःहून प्रोसेसरचा वेग आणि स्क्रीनचा उजेड कमी करतो, चार्जिंगही मंद करतो किंवा थांबवतो.

विकत घेतलेल्या फोनवर ही चाचणी नीट करता येते. दुपारी 2 वाजता, सावलीत, कव्हर काढून, मोबाइल डेटावर 30 मिनिटं हॉटस्पॉट चालू ठेवा आणि त्याच वेळी चार्जिंग लावा. शेजारी साधा थर्मामीटर ठेवून हवेचं तापमान लिहा. चार्जरला यूएसबी मीटर जोडलं की वॅट किती मिनिटांनी घसरले ते दिसतं. मग 'फोन गरम होतो' असं मोघम न बोलता 'सावलीत 41 अंशांना 18व्या मिनिटाला चार्जिंग थांबलं' असं सांगता येतं. हे आकडे उदाहरणाचे आहेत. दोष मात्र असाच सांगावा, म्हणजे कंपनीलाही तो तपासता येतो.

90 दिवस वापरला म्हणून 'बॅटरी खराब झाली' असं सांगायची घाई मात्र नको. रोज एक पूर्ण चार्ज धरला तरी 90 सायकल होतात. तेवढ्यात नव्या बॅटरीची क्षमता थोडीच टक्के घटते, आणि घरगुती चाचणीतली चूकच तेवढी असते. त्यात जानेवारीतली चाचणी मेमधल्या चाचणीशी ताडली तर फरक बॅटरीचा नसून हवामानाचा निघतो. तीन महिन्यांत खरोखर कळतं ते असं: अपडेटने काय बिघडलं, चार्जिंग पोर्टमध्ये धूळ बसून केबल सैल होते का, गावाकडे कमी रेंजमध्ये बॅटरी किती जाते. बिल तुमच्या नावावर असेल तर सर्व्हिस सेंटरचा खरा अनुभवही मिळतो. कंपनीच्या फोनवर तो मिळत नाही.

खर्चाचा हिशेब असा मांडा. समजा 18,000 रुपयांचा फोन 90 दिवसांनी 12,500 ला विकला, तर चाचणीला 5,500 लागले. परत जाणाऱ्या फोनला हा खर्च नाही. फुकट ठेवलेला फोन मात्र वाटतो तितका फुकट नसतो. 1 जुलै 2022 पासूनच्या नियमानुसार एकाच कंपनीकडून वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर त्यावर 10 टक्के टीडीएस लागतो. वापरून परत केलेल्या वस्तूवर तो लागत नाही.

फोन कसा आला हे सांगण्याची पद्धतही ठरलेली हवी. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून 2021 पासून आहेत. फुकट मिळालेली वस्तूही त्यांत येते. दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत, त्या ब्रँडबद्दल बोलणं चालू असेपर्यंत लेबल स्क्रीनवर राहायला हवं. केवळ डिस्क्रिप्शनमध्ये तळाशी लिहून भागत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात तोंडी सांगा: 'हा फोन कंपनीने पाठवलाय, 21 दिवसांनी परत जाईल, पैसे घेतलेले नाहीत, व्हिडिओ कंपनीने आधी पाहिलेला नाही.' यातलं एखादं वाक्य खरं नसेल तर ते गाळून पुढे जाऊ नका, खरं काय ते त्याच जागी सांगा.

नव्या चॅनेलसाठी आमची निवड अशी: परत जाणारा फोन घ्या, पण त्यावर फक्त पहिली ओळख करून देणारा व्हिडिओ करा आणि 'घ्या' किंवा 'घेऊ नका' हा निकाल त्यात देऊ नका. निकालासाठी दर तीन महिन्यांनी, प्रेक्षक सर्वात जास्त विचारतात तो एक फोन, स्वस्त प्रकारातला, दुकानातून घ्या. फेब्रुवारीत घेतला तर उन्हाळा आपोआप चाचणीत येतो. कायमचा दिलेला फोन स्वीकारलाच, तर त्याच्या व्हिडिओत त्याच किमतीच्या दुसऱ्या फोनशी तुलना करू नका, कारण तुमच्या खिशातला फोन कोणाचा आहे हे पाहणाऱ्याला माहीत असतं.