रात्रीच्या जेवणानंतर: वज्रासन, शतपावली आणि वाटेतला पानठेला

रात्री जेवण झालं की टाचांवर बसावं की फेरी मारावी, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन्ही बरेच दिवस करून पाहिलं. माझा त्रास साधा, घराघरातला: रात्री उशिरा जेवण, झोपताना आंबट ढेकर, कधी घशापर्यंत आलेलं पाणी. तुमचा त्रास वेगळा असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं.

वज्रासनाबद्दल जे कारण सर्रास सांगतात ते मला फारसं पटत नाही. म्हणे पाय दुमडले की तिथलं रक्त पोटाकडे वळतं आणि अन्न लवकर पचतं. पण जेवल्यावर पोटाचा आणि आतड्यांचा रक्तपुरवठा शरीर आपणहून वाढवतंच, त्यासाठी पोटऱ्या दाबून ठेवायची गरज नसते. शनिवारी सावजीचा रस्सा खाल्ला असेल, वर तेलाचा जाड तवंग असेल, तर ते जेवण पोटात तासन् तास रेंगाळणारच. तेलातुपामुळे जठर हळू रिकामं होतं आणि कोणत्याही आसनाने त्याची घाई होत नाही.

तरीही वज्रासनाने मला बरं वाटतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण अगदी साधं आहे. त्यात पाठ आपसूक ताठ राहते. सोफ्यात रेलून मोबाइल पाहताना पोटाची घडी पडते, भरलेल्या जठरावर दाब येतो आणि आतलं वर सरकतं. टाचांवर बसलं की पोट मोकळं राहतं. शिवाय तेवढा वेळ माणूस आडवा होत नाही, हा निम्मा फायदा. म्हणजे आसनाच्या नावावर जमा होणारं श्रेय बरंचसं ताठ बसण्याचं आहे.

शतपावलीतही पाठ ताठच असते आणि पाय चालतात ते वेगळं. साखरेचा विचार केला तर ती सरळ सरळ पुढे आहे. चालताना मांड्यापोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती कमी उसळते. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा-पंधरा मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्या संथ चालीने, एवढं पुरतं. भरल्या पोटी झपझप चालू नये, माझी तरी जळजळ त्याने वाढते.

मग मी चालणं का सोडलं? पानठेल्यामुळे.

नागपुरात रात्रीची फेरी सरळ कधी जात नाही. कोपऱ्यावर ठेला असतो, ठेल्यावर ओळखीची चार टाळकी असतात आणि लांबूनच हाक येते, "भाऊ, कुठे चालला बे? थांब ना दोन मिनिट." मग कोणी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत असतो, कोणी मीठा पान पुढे करतो. मी खर्रा खात नाही, पण पानाला नाही म्हणणं रोज जमत नाही. पानात गुलकंद, बडीशेप, वर पेपरमिंटची गोळी. या पेपरमिंटची गंमत अशी की ती पोटाला गार वाटते, पण अन्ननलिकेच्या तळाशी जी झडप असते ती सैल करते. तंबाखूही तेच करते. आम्लाला वर यायला वाट मोकळी, म्हणजे ज्या त्रासासाठी घराबाहेर पडायचं तोच घेऊन परत यायचं. गच्चीवर चालावं म्हटलं तर मे महिन्यात स्लॅब रात्री दहालाही तापलेला असतो, आणि तिथे वाफ अंगावर घेत फिरणं काही खरं नाही.

घरात सतरंजीवर टाचांवर बसलेल्या माणसाला कोणी पान आणून देत नाही. माझं पारडं झुकलं ते इथे.

बसायची पद्धत एकदा नीट जमवावी लागते. गुडघे जवळ, पायांचे अंगठे एकमेकांना लागलेले, टाचा किंचित बाहेर, आणि मधल्या खोबणीत बैठक. नुसत्या टाइल्सवर बसू नये. घोट्यांखाली चादरीची जाड घडी ठेवली की पाऊल ताणलं जात नाही. गुडघा कुरकुरत असेल तर मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये एक उशी घालावी, वाक कमी होतो. कंबरेचा पट्टा आणि नाडी सैल करावी, नाहीतर ताठ बसूनही पोट आवळलेलंच राहतं. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं खूप झाली. मी पाच-सात मिनिटांच्या पुढे सहसा जात नाही.

मुंग्या आल्या तर तिथेच थांबायचं. दात-ओठ खाऊन बसण्यात काही मर्दुमकी नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, हाडाला अगदी लागून, एक नस जाते. पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात आणि या बैठकीत ती दाबली जाऊ शकते. दिवसाचे अनेक तास असं बसून पाऊल उचलता येईनासं झालेल्या एका रुग्णाची नोंद 1971 साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. पाच मिनिटांत तसं होत नाही, पण नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाची वरची बाजू बधिर वाटली, बोटं वर ओढायला जड गेली, तर ती त्याच नसेची खूण. पाय पुढे पसरून संवेदना पूर्ण परत येईपर्यंत बसून राहावं. बधिर पायावर तडक उठलेला माणूस पडतो.

इथे आणखी एक घोळ होतो. वज्रासन चालतं म्हणून लोक त्याच सतरंजीवर पुढची आसनंही उरकतात. सुप्त वज्रासनात पाठ मागे टेकते, म्हणजे भरल्या पोटी आडवंच होणं. पवनमुक्तासनात मांडी थेट जठरावर दाबते. गॅससाठी ते मला खरंच उपयोगी वाटतं, पण त्याची वेळ सकाळची, रिकाम्या पोटी: उताणं झोपून आधी उजवा गुडघा छातीकडे, मग डावा, मग दोन्ही, प्रत्येक वेळी चार-पाच सावकाश श्वास. जेवणानंतर मध्ये तीन-चार तास तरी जाऊ द्यावेत. मंडूकासनाचंही तसंच, त्यात तर मुठी बेंबीशी रोवून पुढे वाकायचं असतं.

वज्रासनातून उठलो की मी लगेच अंथरुणाला पाठ लावत नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवतो आणि मग डाव्या कुशीवर वळतो. अन्ननलिका जठराला वरून, उजव्या अंगाने जोडलेली असते. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग खाली राहतो आणि आम्ल तिथेच साचून राहतं. उजव्या कुशीवर तेच आम्ल अन्ननलिकेच्या तोंडाशी येतं. खरं बोलायचं तर माझ्या रात्री जितक्या या कुशीने सुधारल्या तितक्या वज्रासनाने नाहीत, पण टाचांवर बसायची सवय लागल्यापासूनच मी जेवल्या-जेवल्या आडवा व्हायचा थांबलो, त्यामुळे दोघांचा हिशेब वेगळा काढता येत नाही.

माझ्या मेव्हण्याला मात्र मी हे सांगत नाही. त्याला साखर आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि पानाचा मोह अजिबात नाही. त्याने चालावं, आणि तो चालतोही, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत, बातम्या ऐकत. पावसाळ्यातही त्याचं अडत नाही. एकदा जेवणानंतर छातीत दाटलं, घाम फुटला, तर "गॅस असेल" म्हणून टाचांवर बसायला निघाला होता. बहिणीने बसू दिलं नाही, गाडी काढायला लावली.