कोरियन बँक ॲपची शेवटची स्क्रीन: पैसे घरी पाठवण्याआधी नीट वाचा

माझा मामेभाऊ कोरियातल्या तेजॉनला पीएच.डी. करतो. शिष्यवृत्तीतून साठवलेले 30 लाख वॉन त्याला घराच्या कर्जासाठी गावी पाठवायचे होते. ते पैसे गावी पोहोचलेच नाहीत. बँकेत, पोलिस ठाण्यात सगळीकडे मी त्याच्याबरोबर गेलो, आणि त्याच्या मोबाईलमधली ती स्क्रीन मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिचा शब्द न् शब्द पाठ झालाय. फसवणूक त्या स्क्रीनवर उघड दिसत होती. फक्त ती कोरियनमध्ये होती. कोरियात राहणाऱ्या आणि घरी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येक मराठी माणसापर्यंत हे पोहोचावं म्हणून लिहितोय.

भारतीयांच्या एका चॅट ग्रुपवर एक जण मराठीतच बोलायचा. 'बँकेपेक्षा चांगला रेट, दोन तासांत खात्यावर रुपये, आपली कंपनी रजिस्टर्ड आहे.' त्या वेळी एका रुपयाला साधारण 16 वॉन पडत होते, हा 15.5 ने द्यायला तयार होता. म्हणजे 30 लाख वॉनला एक लाख 87 हजारांऐवजी एक लाख 93 हजार मिळणार. वर बँकेचं कमिशन वाचणार. त्याने एका कोरियन बँकेचा खाते क्रमांक पाठवला आणि सांगितलं, की ॲपमधून साधा ट्रान्सफर कर, पुढचं आम्ही बघतो.

भावाने बँक निवडली, क्रमांक टाकला, रक्कम टाकली. मग ती शेवटची स्क्रीन आली. वर लिहिलेलं होतं, 3,000,000원을 이체하시겠습니까? अर्थ असा, की 30 लाख वॉन ट्रान्सफर करायचे का? खाली ओळीने 받는 분, 입금계좌, 이체금액, 수수료, 받는 분 통장 표시, म्हणजे पैसे घेणारा, त्याचं खातं, रक्कम, शुल्क आणि त्याच्या पासबुकात उमटणारी नोंद. शेवटी निळं बटण.

या सगळ्यात पहिली पाहायची गोष्ट म्हणजे 이체 (इछे) हा शब्द. तो देशातल्या देशात खात्यातून खात्यात पैसे टाकण्यासाठी वापरतात. परदेशी पाठवायचे असतील तर बँकेच्या ॲपमध्ये वेगळा विभाग असतो, त्याचं नाव 해외송금 (हेवे सोंगुम). तिथली शेवटची स्क्रीन या स्क्रीनसारखी दिसतच नाही. तिच्यावर 수취인 म्हणजे पैसे घेणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत असतं, त्याची बँक असते, SWIFT 코드 असतो, 송금통화 म्हणजे कोणत्या चलनात जाणार ते असतं (भारतासाठी बँका बहुतेक वेळा USD मध्ये पाठवतात), 적용환율 म्हणजे लागू झालेला दर असतो आणि 송금사유 म्हणजे पाठवण्याचं कारण असतं. SWIFT कोडचं पाचवं आणि सहावं अक्षर देश सांगतं. स्टेट बँकेचा SBININBB घ्या, त्यातलं मधलं IN म्हणजे भारत. भावाच्या स्क्रीनवर यातलं काहीच नव्हतं. दर नाही, चलन नाही, देश नाही, घरच्या खात्याचा तर उल्लेखही नाही. पैसे कोरियातल्याच एका माणसाच्या खात्यात चालले होते आणि स्क्रीन तेवढंच सांगत होती.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर उलटा गोंधळ होईल. 2017 पासून कोरियात छोट्या रकमा परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांना परवानगी आहे, त्यांना 소액해외송금업자 म्हणतात. आपल्यातले पुष्कळ जण त्यांचीच ॲप वापरतात आणि ती चांगली चालतात. त्यांच्याकडेही बऱ्याचदा तुम्हाला आधी देशातल्या खात्यातच पैसे टाकावे लागतात. मग ओळखायचं कसं? ते खातं 가상계좌 म्हणजे तुमच्यासाठी तयार केलेलं आभासी खातं असतं. ते कंपनीच्या ॲपमध्ये, तुमची ओळखपत्रं तपासून झाल्यावर मिळतं. चॅटवर कोणी टाईप करून पाठवत नाही. आणि त्या खात्यात पैसे टाकताना बँकेच्या स्क्रीनवर नाव कंपनीचं येतं, बऱ्याचदा सोबत तुमचंही. शिवाय घरी किती रुपये पडणार तो आकडा कंपनीच्या ॲपमध्ये आधीच दिसतो. ती कंपनी खरंच नोंदलेली आहे का, हे 금융감독원 या वित्तीय देखरेख संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहता येतं. आमच्या या माणसाने कंपनीचं जे नाव सांगितलं होतं ते यादीत होतं. तो मात्र त्या कंपनीचा नव्हता. म्हणून यादीत नाव सापडलं एवढ्यावर थांबू नका. यादीतलं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळलं पाहिजे.

स्क्रीनवर सगळ्यांत महत्त्वाची ओळ 받는 분, काही ॲपमध्ये 예금주 (येगुमजू), म्हणजे खातेदाराचं नाव. हे नाव तुम्ही टाकत नाही, समोरची बँक तिच्या नोंदीतून पाठवते. त्यामुळे त्या अख्ख्या स्क्रीनवर फसवणाऱ्याला हात लावता न येणारी हीच एक गोष्ट असते. भावाला तिथे इंग्रजी मोठ्या अक्षरांत एका परदेशी माणसाचं नाव दिसलं. त्याने लगेच विचारलं, 'दादा, कंपनीचं नाव येत नाहीये.' उत्तर आलं, 'आमच्या स्टाफचं खातं आहे रे, कंपनीच्या खात्यावर टॅक्स लागतो. तू पाठव, मी बसलोय ना.' नोंदणीकृत कंपनी कर्मचाऱ्याच्या खाजगी खात्यात ग्राहकाचे पैसे घेत नाही. हे कारण कानावर पडलं की तिथेच ॲप बंद करायचं.

त्याच्या खालची 받는 분 통장 표시 ही ओळ दिसायला तितकीच अधिकृत, पण तिच्यात पूर्ण मोकळीक असते. समोरच्याच्या पासबुकात काय छापलं जावं ते तुम्ही स्वतः टाईप करता. त्या माणसाने भावाला तिथे 물품대금 लिहायला लावलं. म्हणजे 'मालाची किंमत'. भाऊ समजला, हा कंपनीचा कोड असेल. या चार अक्षरांनी पुढे काय केलं ते सांगतो.

पैसे गेल्यावर दोन तासांनी रुपये पाठवल्याचा एक स्क्रीनशॉट आला. मामांनी विट्याच्या शाखेत तो व्यवहार क्रमांक दाखवला, तर तसा व्यवहारच नाही म्हणाले. तोवर आमचा 'दादा' ग्रुपमधून गायब. भावाने मला फोन केला आणि आम्ही त्याच्या बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून समोरचं खातं गोठवायला सांगितलं. त्याला 지급정지 म्हणतात. फोनवरून फसवून पैसे उकळल्याच्या प्रकरणांत बँक हे तातडीने करते, त्यासाठी 2011 चा कायदा आहे. पण त्याच कायद्यात वस्तू किंवा सेवा देण्याच्या बहाण्याने केलेली फसवणूक वगळलेली आहे. बँकेच्या बाईंनी व्यवहार उघडला, 물품대금 वाचलं आणि म्हणाल्या की हा खरेदीतला वाद दिसतो, आम्ही परस्पर खातं गोठवू शकत नाही, पोलिसांकडे जा. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. माझ्या मात्र अंगाची लाही लाही झाली. ते शब्द का लिहून घेतले असतील, ते मला तेव्हा कळलं.

चुकून दुसऱ्याच्या खात्यात गेलेले पैसे परत मिळवून देणारी 예금보험공사 या ठेव विमा महामंडळाची योजना 2021 पासून आहे, तीही इथे चालत नाही. ती क्रमांक चुकल्यास आहे. आपण बरोबर क्रमांकावरच पाठवलेले असतात.

पोलिसांकडे जायला भाऊ तयार होत नव्हता. परवान्याशिवाय अशी चलनाची अदलाबदल करणं कोरियात गुन्हा आहे, 환치기 (ह्वान्छीगी) म्हणतात त्याला, आणि आपणच अडकू, व्हिसा जाईल, ही भीती. फसवणारे याच भीतीवर जगतात, असं मला वाटतं. नोंदणीकृत कंपनी समजून पैसे दिले, हे सांगणाऱ्या चॅट आमच्याकडे होत्या, त्या आम्ही जशाच्या तशा दिल्या. सोबत बँकेच्या ॲपमधून काढलेलं 이체확인증 लागतं, म्हणजे व्यवहाराचा दाखला. साधा स्क्रीनशॉट पुरत नाही. ठाण्यात आमची बाजू ऐकून तक्रार नोंदवून घेतली. भाषेची अडचण असेल तर 1345 या परदेशी नागरिकांच्या मदत क्रमांकावर इंग्रजीत बोलता येतं.

मग एक प्रश्न उरतो, बटण दाबल्यावर हातात काही राहतं का? साध्या ट्रान्सफरमध्ये नाही, पैसे काही सेकंदांत पोहोचतात. पण 지연이체 (जियोन इछे) नावाची सोय 2015 पासून बँकांमध्ये आहे. ती आधी चालू करून ठेवली तर पैसे किमान तीन तासांनी पोहोचतात आणि वेळ भरायच्या अर्धा तास आधीपर्यंत ॲपमधून रद्द करता येतात. भावाने ती चालू केलेली असती, तर खोट्या स्क्रीनशॉटचा पत्ता विट्यातून लागला तेव्हा त्याचे वॉन अजून त्याच्याच हातात असते. चालू करायला दोन मिनिटं लागतात. माझ्या ओळखीच्या सगळ्यांना मी बसवून ती चालू करायला लावली आहे.

पैसे पाठवण्याआधी समोरचं खातं तपासायचं असेल तर कोरियन पोलिसांच्या संकेतस्थळावर फोन किंवा खाते क्रमांक टाकून पाहता येतो. पण तिथे गेल्या तीन महिन्यांत तीन किंवा अधिक तक्रारी झालेले क्रमांकच दिसतात. आमचा क्रमांक टाकला तेव्हा काहीही आलं नाही, कारण पहिली तक्रार आमचीच होती. तिथे लाल काही दिसलं तर थांबा, पण काही दिसलं नाही म्हणून पाठवू नका.

तपासात कळलं की ते खातं शिकायला आलेल्या एका परदेशी मुलाचं होतं. देश सोडताना तो कार्ड आणि पासवर्डसकट खातं विकून गेला. अशी खाती विकत घेणारे विमानतळावर जायच्या आठवड्यात आपल्याही मुलांना गाठतात, दोन-तीन लाख वॉन हातावर ठेवतात. खातं देणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि पुढे फसणाऱ्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर 받는 분 म्हणून नाव येतं ते खातं विकणाऱ्याचं. परत जाणार असाल तर शाखेत जाऊन खातं बंद करा आणि 해지, म्हणजे खातं बंद झाल्याची पावती घेऊनच बाहेर पडा.