पासपोर्ट नूतनीकरणाच्या नावाखाली बनावट संकेतस्थळाने घातलेला गंडा : सांगलीतील अनुभव

आमच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्याकडून काही जणांना यंत्राच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवायचे ठरले आणि त्या यादीत माझे नाव आले. माझ्या पासपोर्टची दहा वर्षांची मुदत संपून दीड वर्ष उलटले होते आणि दरम्यान मी मिरजेतील जुने घर सोडून सांगलीत विश्रामबागला राहायला आलो होतो. म्हणजे मुदत संपलेली आणि पत्ता बदललेला, असे दोन्ही विषय एकाच अर्जात येणार होते. नोकरी करणाऱ्या बहुतेकांची स्थिती अशीच असते आणि नेमके हेच हेरून काही मंडळी इंटरनेटवर जाळे टाकून बसलेली आहेत. माझ्या बाबतीत जे घडले ते इतरांच्या बाबतीत घडू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मोबाइलवर पासपोर्ट नूतनीकरणाचा शोध घेतला तेव्हा सर्वांत वर जे संकेतस्थळ आले, ते जाहिरातीचे पैसे भरून वर आणलेले होते. त्यावर तिरंग्याची पट्टी होती, अशोकस्तंभासारखे चित्र होते आणि पत्त्यात पासपोर्ट व इंडिया हे दोन्ही शब्द होते. अर्ज अगदी छोटा होता. नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, जुना पासपोर्ट क्रमांक आणि आधार क्रमांक टाकायचा, आधार व जुन्या पासपोर्टची छायाचित्रे चढवायची आणि पैसे भरायचे. ‘नूतनीकरण शुल्क व अपॉइंटमेंट’ या नावाखाली 2,999 रुपये मागितले होते. पैसे भरल्यावर एक पीडीएफ पावती आली. तिच्यावर एक लांबलचक क्रमांक होता आणि पुढील आठवड्यातील एक तारीख व वेळ दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला पासपोर्ट विभागाचा अधिकारी म्हणवले. माझा जुना व नवा पत्ता त्याने न चुकता वाचून दाखवला. पत्ता बदलल्यामुळे पोलीस पडताळणीचे 1,800 रुपये आजच यूपीआयने भरावे लागतील, नाहीतर अपॉइंटमेंट रद्द होईल, असे तो म्हणाला. शेजारी बसलेले आमच्या विभागातील ज्येष्ठ सहकारी, ज्यांनी वर्षभरापूर्वीच स्वतःचा पासपोर्ट नव्याने काढला होता, ते लगेच म्हणाले, “अहो, पोलीस पडताळणीला अर्जदाराकडून पैसे घेतच नाहीत. फोन ठेवा आणि आधी टोल फ्री नंबरला विचारा.”

पासपोर्ट सेवेचा टोल फ्री क्रमांक 1800-258-1800 हा आहे. तिथे मी पावतीवरचा क्रमांक सांगितला, तेव्हा असा कोणताही अर्ज प्रणालीत नसल्याचे कळले. म्हणजे अर्जही नव्हता आणि अपॉइंटमेंटही नव्हती. बँकेच्या नोंदीत पाहिले, तर माझे पैसे एका खासगी सल्लागार संस्थेच्या खात्यात गेलेले होते. त्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत, ‘आमचा शासनाशी संबंध नाही’ अशा अर्थाचे एक इंग्रजी वाक्यही सापडले. त्या एका ओळीच्या आधारावर ही मंडळी कायद्याच्या कचाट्यातून निसटू पाहतात, याचा मला मनापासून संताप येतो.

खरे संकेतस्थळ एकच आहे आणि ते परराष्ट्र मंत्रालयाचे आहे : passportindia.gov.in. पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल, तर पान कितीही सरकारी दिसले तरी ते सरकारी नाही. मोबाइलवर काम करायचे असल्यास mPassport Seva हे मंत्रालयाचेच अधिकृत अॅप आहे. ते उतरवून घेतानाही प्रकाशकाचे नाव पाहून घ्यावे. खऱ्या प्रक्रियेत आधी आपल्या स्वतःच्या ईमेलवर खाते उघडावे लागते आणि जो सविस्तर अर्ज भरावा लागतो तो पाच मिनिटांत होत नाही. त्यानंतर पैसे भरून अपॉइंटमेंट आपणच निवडतो. प्रौढ व्यक्तीच्या 36 पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टचे साधे शुल्क मी अर्ज केला तेव्हा 1,500 रुपये होते आणि तत्काळसाठी त्यावर 2,000 रुपये जास्त होते. मुदत संपून गेली म्हणून कोणताही दंड लागत नाही. त्यामुळे कोणी ‘विलंब शुल्क’ मागितले, तर तेही फसवणुकीचेच लक्षण समजावे.

मग मी मूळ संकेतस्थळावर स्वतः अर्ज भरला. मुदत संपलेल्या पासपोर्टसाठी नवा पासपोर्ट हा प्रकार निवडायचा नसतो, ‘री-इश्यू’ निवडायचा असतो. पूर्वी पासपोर्ट होता ही गोष्ट दडवून नव्याने अर्ज करणे म्हणजे माहिती लपवणे होय आणि 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 नुसार तो गुन्हा ठरू शकतो. पुढे कारण विचारले जाते, त्यात मुदत संपून तीन वर्षांच्या आत आहे की तीन वर्षे उलटून गेली आहेत, असे दोन वेगळे पर्याय असतात. माझा पहिल्यात बसत होता. ज्यांची तीन वर्षे उलटली आहेत, त्यांनी पासपोर्ट हातात येण्याआधी पोलीस पडताळणी होईल असे धरूनच वेळेचा हिशेब करावा.

नावाच्या रकान्यात आपल्याकडच्या लोकांची विशेष गफलत होते. आपण स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे सलग लिहितो, पण अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आहे आणि उरलेल्या नावाचा वेगळा. जुन्या पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव जर आपल्या नावाला जोडून छापलेले असेल, तर या वेळीही अक्षरन् अक्षर तसेच भरावे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर जरी बदलले, तरी ते नावातील बदल धरले जाऊन त्याचे वेगळे पुरावे मागितले जाऊ शकतात. त्या बनावट अर्जात पूर्ण नावासाठी एकच रकाना होता. खरा अर्ज एकदा पाहिलेल्या माणसाला एवढ्यावरूनच संशय आला असता.

कागदपत्रांची जी भीती दलाल मंडळी घालतात, तेवढी ती यादी लांब नाही. मूळ जुना पासपोर्ट न्यावा लागतो आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या छायाप्रती, त्यांवर स्वतःची सही करून, सोबत द्याव्या लागतात. जुन्या पासपोर्टात एखादी शेऱ्याची नोंद असेल, तर त्या पानाचीही प्रत जोडावी. माझा पत्ता बदललेला असल्याने सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागला. आधार, वीजबिल, मतदार ओळखपत्र, वापरात असलेल्या बँक खात्याचे छायाचित्र असलेले पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी जे असेल ते चालते. मात्र त्यावरील पत्ता अर्जातील पत्त्याशी जुळला पाहिजे. माझ्या आधारवर अजून मिरजेचाच पत्ता होता, म्हणून मी आधी आधार बदलून घेतले आणि मगच अपॉइंटमेंट घेतली. क्रम उलटा झाला, तर केंद्रावरून परत यावे लागते. खासगी नोकरी असल्यास मालकाचे ना-हरकत पत्र लागत नाही. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी मात्र आपल्या कार्यालयाला पूर्वसूचना देऊन तिची प्रत, किंवा कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, जवळ ठेवावे.

सांगली जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो आणि सांगलीतच पोस्टाच्या इमारतीत सेवा केंद्र आहे. लहान केंद्रांवर दिवसाच्या जागा मोजक्या असतात. म्हणून सकाळी लवकर आणि रात्री असे दोन वेळा पाहत राहावे, किंवा पुणे कार्यालयाच्या अखत्यारीतील दुसरे केंद्र निवडावे. त्या दिवशी माझी अर्धी रजा पुरली. खिडकीवर कागद तपासून स्कॅन करतात, बोटांचे ठसे आणि छायाचित्र तिथेच घेतात आणि शेवटी फाइल क्रमांकाची पोचपावती देतात. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यात मुदतीचा व्हिसा असेल, तर तो फेकू नये, नव्यासोबत जपून ठेवावा.

नोकरदार माणसाचा वेळ खरा जातो तो यानंतर. पोलीस पडताळणी सध्याच्या पत्त्याच्या हद्दीतील ठाण्याकडून होते आणि अर्जदार घरी भेटला नाही, की ‘येथे राहत नाही’ असा प्रतिकूल अहवाल जाण्याचा धोका असतो. जे पुण्याला नोकरीला आहेत पण अर्ज सांगलीच्या घरच्या पत्त्यावर करतात, त्यांचे पासपोर्ट बहुधा इथेच अडकतात. म्हणून जिथे खरोखर राहतो तोच पत्ता सध्याचा म्हणून द्यावा. मला आमच्या बीटच्या हवालदारांनी फोन करून संध्याकाळी ठाण्यात मूळ कागद व छायाप्रती घेऊन बोलावले. पैशांचा विषयही निघाला नाही. पडताळणी पोलिसांनी 21 दिवसांत पूर्ण करणे अपेक्षित असते. तत्काळमध्ये आधी पासपोर्ट आणि नंतर पडताळणी असे होऊ शकते, पण ते ठरवण्याचा अधिकार पासपोर्ट कार्यालयाचा आहे, कोणा दलालाचा नाही. साध्या अर्जाला अपॉइंटमेंटपासून महिना ते दीड महिना धरून चालावे आणि कंपनीला तारीख सांगताना त्याहून कमी सांगू नये. फाइल क्रमांक व जन्मतारीख टाकून अर्ज कुठवर आला हे संकेतस्थळावर रोज पाहता येते.

पासपोर्ट स्पीड पोस्टने घरपोच येतो आणि पोस्टमन तो ओळखपत्र पाहून अर्जदाराच्याच हाती देतात. याच दिवसांत ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ असे संदेश लिंकसह येतात. माझ्या मोबाइलवरही तसा संदेश आला होता. टपाल खाते असे पैसे मागत नाही. ती लिंक उघडू नये.

पैसे गेल्याची तक्रार मी 1930 या सायबर मदत क्रमांकावर आणि cybercrime.gov.in वर नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, संकेतस्थळाच्या पानांची छायाचित्रे आणि आलेल्या फोनची नोंद, हे तिन्ही विचारले गेले, म्हणून ते पुसून टाकू नयेत. तक्रार जितक्या लवकर होईल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. माझी रक्कम तोवर दुसऱ्या खात्यात वळवलेली होती आणि ती अद्याप परत मिळालेली नाही. आधार व जुन्या पासपोर्टच्या प्रती अजूनही त्या लोकांकडे आहेत. म्हणून आधारचे बायोमेट्रिक मी कुलूपबंद केले आहे आणि माझ्या नावावर कोणी कर्ज उचलले आहे का, हे पाहण्यासाठी क्रेडिट अहवाल अधूनमधून तपासतो. ज्यांनी अशा ठिकाणी कागद चढवले असतील, त्यांनी पैसे भरले नसले तरी ही दोन कामे आजच करावीत.